नुकसानभरपाई मागताना ‘त्याला धडा शिकवा’ हे कलम का टिकत नाही: दाव्याची रक्कम ठरवण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

कॉन्ट्रॅक्टरने काम अर्धवट टाकलं, पैसे घेऊन फोन उचलणं बंद केलं, की माणूस वकिलाकडे येतो आणि पहिलं वाक्य असतं, "वीस लाखांचा दावा ठोकायचाय." नुकसान किती झालं विचारलं तर म्हणतात दीड-दोन लाख असेल, पण त्याची जिरवायचीय ना. इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. दिवाणी कोर्टाला तुमचं नुकसान भरून देता येतं, समोरच्याची जिरवणं हे साधारणपणे त्याचं काम नाही. नुकसानाइतकी रक्कम देणं ही झाली भरपाई, आणि नुकसानापलीकडे जाऊन समोरच्याला शिक्षा म्हणून वरची रक्कम लावणं ही दंडात्मक भरपाई, म्हणजे प्युनिटिव्ह डॅमेजेस. दुसरा प्रकार सिनेमात आणि अमेरिकेच्या बातम्यांत भरपूर दिसतो, आपल्या साध्या दाव्यात जवळजवळ दिसतच नाही.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो, आकडे कल्पित आहेत पण प्रकार रोजचा आहे. ठाण्यातला फ्लॅट, किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब आणि थोडं प्लंबिंग, सगळं मिळून ३,६०,००० रुपयांत ठरलं. २,५०,००० दिले. मे महिन्याच्या मध्यावर कॉन्ट्रॅक्टर गायब.

## टप्पा १: राग आणि रक्कम वेगळी करा

करार मोडल्यावर काय मिळतं हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ मध्ये आहे. त्यात हिशोब फक्त नुकसानाचा आहे. कॉन्ट्रॅक्टर आळशी होता, लबाड होता की त्याला दुसरीकडे जास्त पैशाचं काम मिळालं म्हणून पळाला, याने रकमेत सहसा फरक पडत नाही. लोकांना हे पटत नाही, पण तर्क सरळ आहे. करार पाळला गेला असता तर तुम्ही जिथे असता तिथे पैशाने जितकं आणता येईल तितकं आणायचं, त्यापुढे नाही. वरचे पैसे दिले तर तुम्ही करार मोडल्यामुळे फायद्यात याल.

शिक्षा द्यायची झाली तर त्यासाठी फौजदारी कायदा आहे, तिथे आरोप संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो आणि दंड झाला तर तो मुळात सरकारजमा होतो. दिवाणी दाव्यात पुरावा ‘जास्त शक्यता कुठल्या बाजूची’ एवढ्यावर तोलला जातो, म्हणून एवढ्या हलक्या मापावर एखाद्याला शिक्षा करायला कोर्टं कचरतात.

मग दंडात्मक भरपाई मिळते कधी? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६४ मध्ये रूक्स विरुद्ध बर्नार्ड या निकालात तीन जागा सांगितल्या आणि आपली कोर्टंही बऱ्याचदा तोच धागा धरतात. सरकारी माणसाने अधिकाराचा जुलमी वापर केला तर. समोरच्याने आधीच हिशोब केला असेल की भरपाई देऊनही आपण फायद्यातच राहू, तर. किंवा कायद्यातच तशी तरतूद असेल तर. पळालेला कॉन्ट्रॅक्टर या तिन्हीत सहजासहजी बसत नाही.

आणि बसलं तरी रक्कम किती, हे बघा. दिल्लीच्या उपहार थिएटरच्या आगीत १९९७ मध्ये ५९ माणसं गेली. जादा खुर्च्या टाकून जायच्या वाटा अडवल्या होत्या. हायकोर्टाने दंडात्मक भरपाई अडीच कोटी लावली, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये ती २५ लाखांवर आणली. इतक्या मोठ्या प्रकरणात हे, तर ट्रॉल्यांच्या कामात वीस लाख कसे मिळतील याचा विचार तुम्हीच करा.

(अमेरिकेचं म्हणाल तर तिथेही नुसता करार मोडला म्हणून दंडात्मक भरपाई सहसा देत नाहीत, त्या बातम्या बहुतेक दुखापतीच्या आणि फसवणुकीच्या केसेसच्या असतात.)

तपासा: एक कागद घ्या, डावीकडे ‘माझे पैसे कुठे गेले’, उजवीकडे ‘तो कसा वागला’. दाव्याची रक्कम फक्त डाव्या बाजूतून येणार. उजवी बाजू फेकू नका, टप्पा ६ मध्ये लागू शकते.

## टप्पा २: नुकसान मोजा, आणि दोनदा मोजू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या उदाहरणात लोक काय लिहितात, तर ‘त्याला दिलेले २,५०,००० परत द्या, आणि नवीन कॉन्ट्रॅक्टरला दिलेले २,२५,००० पण द्या’. झाले पावणेपाच लाख. म्हणजे पूर्ण किचन फुकटात. हे कोर्ट देणार नाही, आणि समोरच्या वकिलाला उलटतपासणीत आयताच मुद्दा मिळतो.

बरोबर हिशोब असा. काम पूर्ण झालं असतं तर तुमचे एकूण ३,६०,००० गेले असते. म्हणजे तुमच्याकडून अजून १,१०,००० जायचेच होते. नवीन कॉन्ट्रॅक्टरने राहिलेल्या कामाचे २,२५,००० घेतले, पण त्यात तुम्ही साध्या कडाप्प्याऐवजी ग्रॅनाइटचा ओटा करून घेतला, त्याचे ३५,००० जास्तीचे होते. ते तुमच्या हौसेचे, वजा करा. राहिले १,९०,०००. यातून जे तसेही जाणार होते ते १,१०,००० वजा करा. तुमचं या बाबतीतलं खरं नुकसान ८०,०००.

ऐकून लोकांचा चेहरा पडतो, पण हा आकडा असा आहे की तो पाडणं समोरच्याला अवघड जातं.

आता बाकीची नुकसानं. त्याने सिंकखालचा पाइप नीट न जोडता सोडला, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं छत भिजलं, त्यांचं प्लॅस्टर आणि रंगाचे १८,००० तुम्ही भरले. हे त्याच्या कामातून सरळ आलेलं नुकसान, पावती असेल तर धरा.

मग भाडं. घर तयार नाही म्हणून तुम्ही जून ते सप्टेंबर चार महिने भाड्याच्या घरात राहिलात, महिना २२,०००. हे मिळेल का, याचं उत्तर एका मेसेजवर अवलंबून आहे. कलम ७३ प्रमाणे दोन प्रकारचं नुकसान मिळतं: नेहमीच्या ओघात होणारं, किंवा करार करतानाच दोघांना माहीत होतं की मोडला तर हे होईल. तुम्ही २० मार्चला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलंत की ‘३१ मे ला भाड्याचं घर सोडायचंय, त्याआधी हवं’ आणि काम २५ मार्चला ठरलं, तर भाड्याचा मुद्दा भक्कम. तोच मेसेज १० मे ला भांडताना पाठवला असेल तर फारसा उपयोग नाही, कारण करार त्याआधीच झाला होता आणि त्याने ती जोखीम धरून भाव दिलेला नव्हता.

पण चारही महिने नाही धरायचे. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की गैरसोय दूर करायचे जे उपाय हाताशी होते तेही नुकसान मोजताना लक्षात घ्यायचे. नवीन माणूस शोधायला, कोटेशन घ्यायला एक महिना आणि काम करायला एक महिना वाजवी. तुम्ही ‘आता कोर्टच बघेल’ म्हणून दोन महिने हातावर हात ठेवून बसलात तर त्या दोन महिन्यांचं भाडं तुमचं तुमच्या खिशातून. म्हणून दोन महिने, ४४,०००.

घर नसल्याने बायकोचा ऑनलाइन संस्कृतचा क्लास बंद राहिला, ४०,००० बुडाले? कॉन्ट्रॅक्टरला हे माहीतच नव्हतं. हे लांबचं नुकसान, सोडून द्या. एक अशक्त आकडा घातला की कोर्टाची नजर बाकीच्या तीन चांगल्या आकड्यांकडेही संशयाने वळते.

एकूण: ८०,००० + १८,००० + ४४,००० = १,४२,०००.

तपासा: प्रत्येक आकड्यासमोर ‘काम नीट झालं असतं तर हे पैसे वाचले असते का?’ असं विचारा. उत्तर नाही असेल तर आकडा खोडा.

## टप्पा ३: ‘दिवसाला दोन हजार दंड’ असं करारात लिहिलेलं असेल तर

बरेच जण इंटरनेटवरून फॉरमॅट उचलतात आणि त्यात लिहितात की उशीर झाला तर दिवसाला इतके हजार दंड. मग १२० दिवसांचे गुणिले करून येतात आणि म्हणतात दंड तर करारातच आहे, आता कोर्ट नाही कसं म्हणेल.

म्हणेल. करार कायद्याच्याच कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत जे वाजवी वाटेल ते कोर्ट देतं. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या केसमध्ये हे नीट मांडलंय: नुकसान झालेलं असणं हीच मुळात पायाभूत अट आहे, आणि नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तिथे ते सिद्ध करावंच लागतं. फक्त जिथे नुकसान मोजणं अवघड किंवा अशक्यच आहे तिथे, तो आकडा खऱ्या अंदाजाचा असेल तर, तो धरता येतो. आपल्या उदाहरणात भाड्याची पावती आहे, नवीन बिल आहे, म्हणजे मोजता येतं, म्हणजे मोजूनच द्यावं लागेल.

सावध: करारात ‘दंड’ लिहिलं म्हणून ती दंडात्मक भरपाई होत नाही. नाव काहीही द्या, कोर्ट नुकसानाकडेच येतं.

## टप्पा ४: नवीन काम सुरू करायच्या आधी पुरावा पक्का करा

क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी नवीन मिस्त्री लावतात आणि मग पुरावा शोधतात. एकदा नव्या ट्रॉल्या बसल्या की जुन्याने काय अर्धवट ठेवलं होतं ते कोण सांगणार.

आधी घरभर फोटो आणि व्हिडिओ, उघड्या वायरी, न बसवलेली चॅनेल्स, फुगलेलं प्लाय, सगळं. मग एखाद्या आर्किटेक्टकडून किंवा इंटिरियर डिझायनरकडून लेखी पाहणी रिपोर्ट: काय झालंय, काय राहिलंय, राहिलेल्याचा बाजारभाव काय. हा माणूस असा निवडा जो उद्या कोर्टात येऊन साक्ष द्यायला तयार असेल, नाहीतर रिपोर्ट म्हणजे नुसता कागद. नवीन काम करणारा आणि रिपोर्ट देणारा एकच नको, कारण मग प्रश्न येतोच की ‘तुम्हाला काम मिळणार होतं म्हणून राहिलेलं काम जास्त दाखवलंत का?’

नवीन कामाची किमान दोन कोटेशन घ्या, आणि बिल फोडून मागा. ‘किचन काम एकूण २,२५,०००’ असं एकाच ओळीचं बिल आलं की ग्रॅनाइटचे ३५,००० कुठे संपतात ते कळत नाही आणि कोर्ट मग अंदाजाने जास्तच कापतं.

व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, फोनही विकू नका. नुसते स्क्रीनशॉट प्रिंट करून पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. जुलै २०२४ पासून हाच कायदा लागू आहे, जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चा मसुदा कॉपी-पेस्ट करू नका.

रोख दिलेले पैसे ही कायमची डोकेदुखी. २,५०,००० पैकी एक लाख रोख असतील आणि पावती नसेल तर निदान तो मेसेज शोधा ज्यात तो म्हणतो ‘मिळाले’.

## टप्पा ५: नोटीस, मग कुठे जायचं ते

नोटिशीत तोच आकडा लिहा जो दाव्यात येणार आहे. नोटिशीत पंधरा लाख आणि दाव्यात १,४२,००० असं झालं की उलटतपासणीत पहिला प्रश्न ठरलेला, "यातलं खरं कुठलं?" घाबरवायला म्हणून मोठा आकडा टाकायची पद्धत आहे, पण मला ती कधीच पटली नाही, समोरच्याचा वकील तो आकडा बघून हसतो आणि तडजोडीचं बोलणंच सुरू होत नाही.

नोटिशीत अजून एक ओळ हमखास राहते: या तारखेपासून व्याज मागू. पैसे कधी द्यायचे ते करारात ठरलेलं नसेल तर दाव्याआधीच्या काळाचं व्याज मिळायला व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे अशी लेखी मागणी असावी लागते. फुकटची ओळ आहे, घाला.

आता दोन वाटा. दिवाणी कोर्टात मुदत साधारण करार मोडल्यापासून तीन वर्षं, आणि कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर चढत जाते. म्हणजे वीस लाख मागितले तर वीस लाखांवर फी भरा, मिळाले १,४२,००० तर वरच्या रकमेवरची फी वाया जायची शक्यताच जास्त. ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षं, आणि फी मागणीवर नाही तर तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या पैशावर, पाच लाखांपर्यंत फीच नाही. राहत्या घराचं काम असेल तर ग्राहक आयोग ही वाट सहसा बरी. तिथे मानसिक त्रासाबद्दलही काहीतरी देतात, करार मोडल्याच्या दिवाणी दाव्यात ते फार क्वचित. दुकानाचं किंवा ऑफिसचं काम असेल तर मात्र ‘व्यापारी हेतू’ची आडकाठी येते, अपवाद आहेत पण ते वकिलाकडून तपासून घ्या.

सावध: दिवाणी दाव्यात सगळी नुकसानं एकाच वेळी मागा. भाडं राहिलं म्हणून नंतर वेगळा दावा टाकता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २ नियम २ आडवा येतो. आणि त्याच नुकसानासाठी दोन्हीकडे अर्ज करू नका.

सावध: ‘वकिलाची सगळी फी त्याच्याकडून वसूल’ यावर प्लॅन करू नका. खोट्या किंवा त्रासदायक बचावाबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली जो भरपाईचा खर्च मिळतो त्याची मर्यादा ३,००० रुपये आहे, हो, तीन हजारच.

## टप्पा ६: तरीही दंडात्मक मागायचीच असेल तर

दिवाणी दाव्यात करार मोडल्याबद्दल मागू नका, एवढंच. ग्राहक आयोगात मात्र दार किलकिलं आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ मध्ये आयोगाला योग्य वाटेल अशा परिस्थितीत दंडात्मक भरपाई द्यायचा अधिकार स्पष्ट दिलाय. म्हणजे टप्पा १ मधली तिसरी जागा, कायद्यातच तरतूद.

पण अधिकार आहे म्हणजे शेवटी एक ओळ टाकली की मिळतं असं नाही. जनरल मोटर्सच्या एका केसमध्ये राष्ट्रीय आयोगाने गाडीच्या जाहिरातीवरून २५ लाख दंडात्मक भरपाई लावली. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये ती रद्द केली, कारण तक्रारीत तशी मागणीच नव्हती, तसं कथन नव्हतं, आणि कंपनीला त्यावर बाजू मांडायची संधीच मिळाली नव्हती. शिवाय आयोगाने त्यातला मोठा वाटा तक्रारदाराला नव्हे, ग्राहक कल्याण निधीला द्यायला सांगितला होता. म्हणजे टिकली असती तरी सगळी रक्कम खिशात आली नसती.

त्यामुळे मागायची तर अशी. तक्रारीत वेगळा परिच्छेद, वेगळा आकडा, आणि वागण्याचे तपशील. इथे टप्पा १ मधली उजवी बाजू बाहेर काढा. ‘अत्यंत उद्धट आणि बेजबाबदार वर्तन’ वगैरे विशेषणं कामाची नाहीत. हे कामाचं: याच माणसाने याच सोसायटीत अजून तिघांकडून आगाऊ पैसे घेऊन काम सोडलंय आणि ते तिघं प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत, बिल वॉटरप्रूफ प्लायचं लावलं आणि बसवलं साधं, त्याचा टेस्ट रिपोर्ट आहे, तक्रार केल्यावर त्याने तारीख मागे टाकून खोटी ‘काम पूर्ण’ची पावती बनवली. म्हणजे एकदा चुकून घडलेलं नाही, ठरवून आणि पैसे कमवायला केलेलं आहे, हे दिसलं पाहिजे. यातलं काहीच नसेल, तो फक्त काम टाकून पळाला असेल, तर हा परिच्छेद गाळा.

आकडाही हाताबाहेर नको. १,४२,००० च्या नुकसानावर दहा लाख दंडात्मक मागितले की आयोगाला तुमचा हेतूच संशयास्पद वाटायला लागतो. त्याने त्या प्लायच्या फसवणुकीत किती वाचवले, चौघांचे मिळून किती, असा काहीतरी पाया दाखवा.

मागण्यांचा क्रम असा लावा: आधी १,४२,००० तीन ओळींत फोडून, मग व्याज, मग मानसिक त्रास, मग तक्रारीचा खर्च, आणि दंडात्मक भरपाई सगळ्यात शेवटी, वेगळ्या क्रमांकावर, ‘वरील मागण्यांव्यतिरिक्त’ असं स्पष्ट लिहून. ती नाकारली गेली तरी वरच्या ओळींना धक्का लागत नाही. दाखल करायच्या आधी ती शेवटची ओळ बोटाने झाकून तक्रार पुन्हा वाचा, तेवढ्यावर १,४२,००० सिद्ध होत नसतील तर अजून दाखल करू नका, टप्पा ४ वर परत जा.